ग्राहक निर्णय प्रक्रिया : उच्च आणि अल्प सहभागाची खरेदी

एखादी उणीव जाणवल्यापासून वस्तू विकत घेऊन ती वापरेपर्यंत, आणि वापरानंतर तिच्याविषयी मत पक्के होईपर्यंत, ग्राहक ज्या मानसिक व प्रत्यक्ष कृतींमधून जातो त्यांच्या क्रमास विपणनशास्त्रात ग्राहक निर्णय प्रक्रिया म्हणतात. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या परीक्षांत या विषयावरील प्रश्नाला पुष्कळदा दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रक्रियेच्या पायऱ्या विचारलेल्या असतात आणि दुसऱ्यात अल्प सहभागाची खरेदी उच्च सहभागाच्या खरेदीहून कशी निराळी आहे, हे स्पष्ट करावयाचे असते. उत्तर लिहिताना हे दोन भाग सहज सुटे पडतात. आधी पाच पायऱ्यांचे वर्णन येते, मग फरकाचा तक्ता येतो, आणि सहभाग बदलला की त्या पायऱ्यांचेच काय होते, हा प्रश्नाचा गाभा अनुत्तरित राहतो.

पायऱ्यांच्या मांडणीचे मूळ विपणनाबाहेरचे आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये चिंतनशील विचाराचे टप्पे सांगितले होते : अडचण जाणवणे, तिचे स्वरूप निश्चित करणे, संभाव्य उपाय सुचणे, त्यांचे परिणाम तपासणे आणि एक उपाय स्वीकारणे. एंजेल, कोलॅट आणि ब्लॅकवेल यांनी १९६८ मध्ये ग्राहक वर्तनाचे जे प्रतिमान मांडले, त्यात खरेदीकडे समस्या सोडविण्याची क्रिया म्हणून पाहिले होते. समस्येची जाणीव, माहितीचा शोध, पर्यायांचे मूल्यमापन, खरेदीचा निर्णय आणि खरेदीपश्चात वर्तन या आज पाठ्यपुस्तकांत रूढ असलेल्या पाच पायऱ्या याच परंपरेतील आहेत. म्हणजे ही साखळी मुळात विचार करणाऱ्या माणसाची आहे. विचार न करता केलेल्या खरेदीला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, यात नवल नाही.

सहभाग म्हणजे एखाद्या खरेदीला ग्राहकाच्या लेखी असलेले वैयक्तिक महत्त्व. ते प्रामुख्याने जाणवणाऱ्या जोखमीतून येते. पैसे वाया जाण्याची, वस्तू नीट न चालण्याची, शरीराला अपाय होण्याची किंवा चार लोकांत हसे होण्याची भीती जितकी मोठी, तितका सहभाग अधिक. वस्तूविषयीच्या स्थायी आवडीमुळेही तो वाढतो. छायाचित्रणाचा छंद असलेला माणूस काही घ्यावयाचे नसतानाही कॅमेऱ्यांविषयी वाचत असतो. सहभाग वस्तूत नसून व्यक्ती, वस्तू आणि प्रसंग यांच्या संबंधात असतो, ही गोष्ट उत्तरात स्पष्टपणे यावयास हवी. रोजच्या लिखाणासाठी पेन घेणारा माणूस समोर दिसेल ते उचलतो. तोच माणूस निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना भेट देण्यासाठी पेन घेतो, तेव्हा चार ठिकाणी चौकशी करतो, वेष्टन पाहतो, सोबत्याचे मत विचारतो. ‘मोटार म्हणजे उच्च सहभाग, साबण म्हणजे अल्प सहभाग’ हे सूत्र ढोबळ उदाहरण म्हणून चालते, व्याख्या म्हणून चालत नाही. त्वचेची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी साबणाची खरेदी पूर्ण उच्च सहभागाची असते.

उच्च सहभागाची साखळी एका खरेदीवर तपासून पाहता येते. एका विद्यार्थिनीचा जुना लॅपटॉप दोन तासांत बंद पडू लागतो. प्रत्यक्ष स्थिती आणि अपेक्षित स्थिती यांतील हे अंतर दुर्लक्ष करण्याजोगे राहिले नाही, की समस्येची जाणीव होते. शोध आधी स्मरणात होतो. तिथे पुरेसे हाती लागले नाही की तो बाहेर वळतो : ओळखीचे लोक, परीक्षणे, विक्रेते, प्रत्यक्ष हाताळणी. तिला माहीत असलेल्या सर्व लॅपटॉपपैकी थोडेच गंभीर विचाराच्या संचात उरतात. समजा, क, ख आणि ग असे तीन उरले.

मूल्यमापनाची पायरी उत्तरांत बहुधा एका वाक्यात उरकली जाते, वस्तुतः सांगण्यासारखे सर्वांत जास्त इथेच असते. विद्यार्थिनीने बॅटरीला ५, हलकेपणाला ३ आणि पडद्याला २ असे महत्त्व दिले आहे आणि प्रत्येक लॅपटॉपला दहापैकी गुण दिले आहेत, असे मानू. क ला या क्रमाने ९, ४, ५ गुण मिळतात, ख ला ७, ८, ८ आणि ग ला ८, ७, ४. प्रत्येक गुणाला त्याच्या महत्त्वाने गुणून बेरीज केली, तर क ची ६७, ख ची ७५ आणि ग ची ६९ होते, म्हणून ख निवडला जातो. या पद्धतीत एका गुणधर्मातील उणीव दुसऱ्यातील सरशीने भरून निघते. ख ची बॅटरी तिघांत सर्वांत कमकुवत असूनही तो जिंकला आहे, म्हणून तिला भरपाईची पद्धत म्हणतात. पण विद्यार्थिनीने केवळ सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म पाहून निर्णय घेतला, तर बॅटरीत ९ गुण असलेला क निवडला जाईल आणि वजनाचे ४ गुण मोजणीत येणारच नाहीत. प्रत्येक बाबतीत किमान ५ गुण हवेतच, अशी अट तिने घातली, तर क वजनावर आणि ग पडद्यावर बाद होऊन पुन्हा ख उरेल. माहिती तीच असताना नियम बदलल्याने निवड बदलू शकते. भरपाईचा हिशेब कष्टाचा असतो आणि तो करण्याची तयारी उच्च सहभागातच संभवते. तिथेही पर्याय फार असतील तर लोक आधी किमान अटींची चाळणी लावतात आणि उरलेल्या दोन-तिघांपुरता हिशेब करतात.

निर्णय झाला तरी खरेदी होतेच असे नाही. घरच्यांचा विरोध, माल शिल्लक नसणे किंवा अचानक आलेला खर्च मध्ये येऊ शकतो. खरेदीनंतर वस्तूची कामगिरी अपेक्षेशी ताडली जाते आणि त्यातून समाधान किंवा असमाधान निर्माण होते. उच्च सहभागात याखेरीज लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेली बोधात्मक विसंगती उद्भवते. ख घेतल्यावर क ची सरस बॅटरी आठवून मन खाते, आणि मग विद्यार्थिनी ख ची स्तुती करणारी परीक्षणे मुद्दाम वाचते. ही विसंगती असमाधानाहून वेगळी आहे. लॅपटॉप उत्तम चालत असतानाही ती राहते, कारण तिचे मूळ सोडून दिलेल्या पर्यायात असते.

अल्प सहभागात हीच साखळी केवळ आखूड होत नाही, तिचा क्रमही बदलतो. हर्बर्ट क्रुगमन यांनी १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवरील जाहिरातींविषयी लिहिताना सहभागाविना होणाऱ्या शिक्षणाची कल्पना मांडली. प्रेक्षक जाहिरातीचा आपल्या आयुष्याशी काही संबंध जोडत नाही, तिला विरोधही करीत नाही. पुनरावृत्तीमुळे नाव मात्र स्मरणात साचत जाते. पुढे दुकानात ते नाव दिसले की ओळखीचे वाटते आणि वस्तू उचलली जाते. तिच्याविषयीचे मत वापरानंतर बनते. उच्च सहभागात आधी विश्वास, मग अभिवृत्ती, मग कृती असा क्रम असतो. अल्प सहभागात पुसट ओळखीमागून थेट कृती येते आणि अभिवृत्ती शेवटी येते. म्हणजे मूल्यमापनाची पायरी नाहीशी होत नाही, ती खरेदीच्या पलीकडे सरकते आणि पहिली खरेदी हीच चाचणी ठरते.

दातांची पेस्ट संपलेल्या माणसाचे उदाहरण घेतले, तर समस्येची जाणीव म्हणजे साठा संपल्याची नोंद, एवढेच. शोध बहुधा स्मरणापुरता असतो आणि बाह्य माहिती मांडणीवर डोळ्यांना जे पडेल तेवढीच. निवड ‘नेहमीचीच घ्यावी’ किंवा ‘सवलत असेल ती घ्यावी’ अशा एखाद्या ठोकताळ्यावर होते. वेन हॉयर यांनी १९८४ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीच्या खरेदीचे प्रत्यक्ष निरीक्षण केले, तेव्हा ग्राहक मांडणीसमोर फारच थोडी तुलना करतात आणि अशा साध्या युक्त्यांवर विसंबतात, असेच आढळले. खरेदीनंतर ग्राहक विचार करीत बसत नाही. पेस्ट ठीक निघाली तर सवय लागते, वाईट निघाली तर पुढच्या वेळी दुसरी घेतली जाते आणि तक्रार सहसा होत नाही. त्यामुळे अल्प सहभागाच्या उत्तरात बोधात्मक विसंगती लिहिणे ही ठळक चूक ठरते.

परीक्षेत आणखी एक गल्लत नेहमी दिसते, ती सवय आणि निष्ठा यांची. सलग वर्षभर एकच पेस्ट घेणारा ग्राहक तिच्याशी बांधलेला असेलच असे नाही. हवी ती पेस्ट मांडणीवर नसताना तो काय करतो, यावरून फरक कळतो. सवयीचा ग्राहक शेजारची उचलतो, निष्ठावान ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो किंवा थांबतो. हेन्री असाएल यांच्या वर्गीकरणात सहभागाबरोबर ब्रँडमधील जाणवणारा फरकही धरला आहे. अल्प सहभाग आणि नगण्य फरक असेल तर सवयीची खरेदी होते. अल्प सहभाग पण ठळक फरक असेल तर ग्राहक नाराज नसतानाही निव्वळ बदल म्हणून ब्रँड बदलतो. उच्च सहभाग आणि ठळक फरक असतील तर गुंतागुंतीची खरेदी होते, आणि उच्च सहभाग असून फरक पुसट असेल तर विसंगती कमी करण्याची. वर पाहिलेली पूर्ण पाच पायऱ्यांची साखळी या चारांपैकी केवळ गुंतागुंतीच्या खरेदीला नीट बसते. चौथ्या प्रकारात महाग वस्तूही तुलनेने झटपट घेतली जाते, कारण तुलना करण्यासारखे फारसे दिसत नाही, आणि तिच्या समर्थनाची कारणे मागाहून गोळा केली जातात.

प्रश्नात विक्रेत्याच्या दृष्टीने परिणाम विचारले असतील, तर ते वरील क्रमातूनच काढावे लागतात. जिथे मत खरेदीपूर्वी बनते, तिथे सविस्तर माहिती, जाणकार विक्रेते, हमी आणि खरेदीनंतरचा दिलासा उपयोगी पडतो. जिथे मत वापरातून बनते, तिथे छोट्या आकाराचा नमुना, वारंवार दिसणारी लहान जाहिरात, लक्षात राहणारे वेष्टन आणि मांडणीवरील सातत्यपूर्ण उपलब्धता. माल एकदा मांडणीवर नसला, तर सवयीचा ग्राहक दुसऱ्या ब्रँडची चाचणी आपोआप घेऊन बसतो, आणि ती पेस्टही ठीक निघाली तर जुन्याकडे परतण्याचे त्याला काही कारण उरत नाही.