उणे १.४४३ म्हणजे शंभरातल्या किती बायका?

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या मुलांची प्रकल्प-सादरीकरणं ऐकायला बसलो होतो. एका मुलीचा विषय होता, विवाहित स्त्रिया कामधंद्यात असतात की नसतात हे कशावरून ठरतं. तिनं लॉजिट नावाची पद्धत वापरली होती आणि तक्ता पडद्यावर लावला होता. ‘सहा वर्षांखालची मुलं’ या ओळीपुढे आकडा होता उणे १.४४३. तिनं तो वाचला तो असा: “घरात लहान मूल असेल तर बाई कामाला असण्याची शक्यता १४४ टक्क्यांनी कमी होते.” समोरच्या माना हलल्या आणि पुढची स्लाइड आली.

शक्यता शून्याच्या खाली जात नाही. एखादी बाई कामाला असणारच, अगदी शंभर टक्के, असं धरलं तरी तिच्याकडून कमी करायला शंभरच आहेत. एकशे चव्वेचाळीस कुठून काढणार? पण दोष त्या मुलीचा नाही. संगणक हाच आकडा सगळ्यात आधी आणि ठळक छापतो, आणि तो शक्यतेच्या भाषेत नाही हे तिला कुणी थांबून सांगितलेलं नव्हतं. ते इथं सांगतो.

उत्तर हो किंवा नाही असं असतं तेव्हा लॉजिट काम दोन पायऱ्यांत करतं. पहिल्या पायरीवर ते प्रत्येक बाईसाठी एक बेरीज मांडतं. शिक्षणाची वर्षं गुणिले काहीतरी, वय गुणिले काहीतरी, लहान मुलं गुणिले उणे १.४४३, असं सगळं मिळवून एक आकडा येतो. त्याला आपण ‘कल’ म्हणू. कल उणे सात असू शकतो, अधिक बारा असू शकतो, त्याला कुंपण नाही. दुसऱ्या पायरीवर हा कल इंग्रजी S सारख्या एका वळणदार रेषेवर चढवला जातो, आणि त्या रेषेवरून जी उंची मिळते ती शक्यता. ती मात्र शून्य आणि एक यांच्यामध्येच राहते. तक्त्यातले सहगुणक, म्हणजे ज्यांनी गुणायचं ते हे आकडे, पहिल्या पायरीचे आहेत. आपल्याला हवं असतं ते दुसऱ्या पायरीचं.

कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघा. वाघबीळपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना ऊस. मग चढ लागतो, गाडीचा गिअर बदलतो. वर पोचलात की पुन्हा सपाटी. आता कुणी विचारलं, “एक किलोमीटर पुढं गेलं की किती उंच जातो?” तर आपण आधी विचारू, “पण तू आहेस कुठं?” उसाच्या पट्ट्यात एक किलोमीटर गेलात तर उंची वाढल्याचं कळणारही नाही. घाटात तेवढ्याच किलोमीटरला कानात दडे बसतील. सहगुणक म्हणजे रस्त्यावरचे किलोमीटर, आणि शक्यता म्हणजे उंची. किलोमीटर सगळ्यांना सारखे, पण त्यातून मिळणारी किंवा गमावली जाणारी उंची ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून. त्या उंचीतल्या फरकाला सीमांत परिणाम म्हणतात.

लॉजिटमध्ये हा चढ किती तीव्र आहे ते काढायचं सूत्र इतकं सुटसुटीत आहे की मला ते दरवेळी शिकवताना आनंद होतो. बाईची सध्याची शक्यता p असेल तर त्या जागेचा उतार p(1 − p). बस्स. सहगुणकाला याने गुणायचं.

त्या मुलीच्या तक्त्यात शिक्षणाचा सहगुणक ०.२२१ होता. जिची शक्यता ०.५ आहे, म्हणजे जी अगदी घाटाच्या मध्यावर आहे, तिचा उतार ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. शिक्षणाचं एक वर्ष वाढलं तर तिची शक्यता साधारण ०.०५५ ने वाढते. सोप्या भाषेत, अशा शंभर बायकांमागे साडेपाच जणी जास्त. जिची शक्यता आधीच ०.९ आहे तिचा उतार ०.०९, आणि तेच एक वर्ष तिच्यासारख्या शंभरांमागे फक्त दोघींची भर घालतं. ०.१ वाल्या बाईचंही तसंच, दोनच. शिक्षण तेच, सहगुणक तोच. हो-नाहीच्या काठावर उभ्या असलेल्या बाईला ढकल लागते, ठाम असलेल्या बाईला लागत नाही. हे आपल्याला व्यवहारात माहीतच असतं, सूत्र फक्त त्याचं माप देतं.

मग अख्ख्या नमुन्यासाठी एकच आकडा सांगायचा तर कोणता? इथं दोन वाटा फुटतात. जुनी वाट अशी, की सगळ्यांची सरासरी काढून एक ‘सरासरी बाई’ उभी करायची आणि तिच्या जागेवरचा उतार घ्यायचा. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक बाईचा उतार तिच्या जागेवर काढून मग त्या उतारांची सरासरी घ्यायची. दोन्हींचं उत्तर एकच येईल असं वाटतं, पण येत नाही. समजा नमुन्यात दोघीच आहेत. एकीची शक्यता ०.९, दुसरीची ०.१. त्यांच्या कलांची सरासरी शून्य, म्हणजे सरासरी बाई बरोबर घाटाच्या मध्यात आणि उतार ०.२५. पण घाटात कोणीच नाही! एक पठारावर आहे, एक उसात आहे, आणि दोघींचा उतार ०.०९ आहे. जी अस्तित्वातच नाही तिचा उतार आपण जवळजवळ तिप्पट करून सगळ्यांच्या नावावर लिहिला.

मुलीनं वापरलेली माहिती खरी होती आणि या विषयात ती घरोघरी शिकवतात. अर्थतज्ज्ञ थॉमस म्रोझ यांनी १९८७ च्या अभ्यासात वापरलेल्या ७५३ अमेरिकी विवाहित स्त्रिया, वय ३० ते ६०, माहिती १९७५ सालची. त्यातल्या ४२८ कामाला होत्या. या माहितीत शिक्षणाच्या एका वर्षाचा परिणाम सरासरी बाईवर काढला तर शंभरामागे ५.४ येतो, आणि प्रत्येकीचा काढून सरासरी घेतली तर ४. शिवाय इथल्या सरासरी बाईला सहा वर्षांखालची ०.२४ मुलं आहेत. पाव मूल असलेली आई कुणी पाहिली आहे? म्हणून मी दुसरी वाट धरायला सांगतो. स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये ती अशी:

```
logit inlf nwifeinc educ c.exper##c.exper age kidslt6 kidsge6
margins, dydx(educ)
margins, at(kidslt6=(0 1 2))
```

या बेरजेत कामाच्या अनुभवाची वर्षं आणि त्यांचा वर्ग असे दोन्ही आहेत. ते दोन वेगळे रकाने करून दिले तर संगणकाला त्यांचं नातं कळत नाही. एक वाढवताना तो दुसरा तसाच धरून ठेवतो, आणि अनुभवाचा सीमांत परिणाम चुकतो. `c.exper##c.exper` लिहायचं ते त्यासाठी. आकडे छापले जातात, चूक दिसत नाही, म्हणून आधीच सावध राहिलेलं बरं.

शेवटची ओळ मुलांसाठी वेगळी का? कारण मूल थोडं-थोडं वाढत नाही, शून्याचं एक होतं. उतार हा अगदी बारीक पावलाचा हिशेब आहे, आणि मूल ही मोठी उडी. अशा वेळी उतार न काढता सरळ दोन जागांच्या उंचीतला फरक घ्यायचा. लॉजिटचं भावंड असलेल्या प्रोबिटनं हे करून दाखवतो. तिथं वळणदार रेषा प्रसामान्य वक्रावरून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या त्या ओळखीच्या आलेखावरून, घेतलेली असते. बाकी सगळं साधारण सरासरीइतकं आणि एक मोठं मूल असलेली बाई घ्या. लहान मूल नसताना तिचा कल सुमारे ०.५४५, शक्यता ०.७०७. एक लहान मूल आलं की कलातून ०.८६८ वजा, कल उणे ०.३२३, शक्यता ०.३७३. दुसरं आलं की पुन्हा तेवढेच वजा, कल उणे १.१९१, शक्यता ०.११७. कल दोन्ही वेळा सारखाच घसरला. पण पहिल्या मुलानं शंभरातल्या ३३ जणी कमी केल्या आणि दुसऱ्यानं २६. पहिल्या मुलानं तिला घाटाच्या मधल्या, सगळ्यात तीव्र भागातून खाली आणलं, दुसऱ्याच्या वेळी ती पायथ्याच्या सपाटीकडे उतरत गेली.

लॉजिटचा १.४४३ आणि प्रोबिटचा ०.८६८ शेजारी ठेवून “लॉजिटमध्ये मुलांचा परिणाम मोठा दिसतो” असंही मी ऐकलं आहे. तसं नाही. दोघांची कल मोजायची पट्टी वेगळी आहे, एकाची फुटात आणि दुसऱ्याची मीटरमध्ये असावी तशी. दोन्हींतून प्रत्येक बाईचा परिणाम काढून सरासरी घ्या: लॉजिट उणे ०.२५८, प्रोबिट उणे ०.२६१. शंभरात २६, दोघंही तेच सांगतात.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे पत्रिका पाहून “नोकरीचा योग ऐंशी टक्के” असं सांगणारे आहेत आणि त्यावर मुलींचे निर्णय होतात. ०.३७३ हा आकडा त्या जातीचा नाही. तो एका बाईचं भविष्य सांगत नाही. अशा शंभर बायका असतील तर त्यांतल्या साधारण ३७ कामाला असतील, एवढंच तो म्हणतो, आणि ते मोजून खोटं ठरवता येतं. ज्यांची शक्यता ०.३ ते ०.४ निघाली त्या सगळ्यांना एकत्र करा आणि प्रत्यक्षात किती कामाला होत्या ते मोजा. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघाल्या नाहीत तर प्रतिमान चुकलं. योगाच्या ऐंशी टक्क्यांना अशी कसोटी कुणी लावू देत नाही.

सीमांत परिणाम म्हणजे कारण नव्हे, हेही त्या मुलीला सांगितलं. ज्यांना घराबाहेर काम करायचंच आहे अशा बायका मूल उशिरा होऊ देत असतील, तर शंभरातल्या त्या २६ मध्ये मुलाचा वाटा किती आणि आधीच्या ठरवण्याचा किती, हे हा आकडा वेगळं करून देत नाही.

तिनं विचारलं, “सर, मग हेच करवीर आणि कागलच्या बायकांवर करू का?” कर, म्हटलं, पण १९७५ च्या अमेरिकेचे आकडे इकडे आणू नकोस, आणि आधी तुझा ‘हो’ कोणता ते ठरव. आपल्या देशातल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. त्यात काम शोधणाऱ्याही धरतात, नुसत्या काम करणाऱ्या नव्हे. आणि दोन म्हशींची धार काढून पहाटे संस्थेत दूध घालणारी बाई नियमाप्रमाणे घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस, संकेतांक २१, म्हणजे ‘हो’. पण दारात आलेल्या माणसानं काय काम करता असं विचारलं की ती म्हणते, “कुठलं काम ओ, घरातच असतोय की.” त्यानं पुढं म्हशींबद्दल विचारलं नाही तर संकेतांक पडतो ९२, फक्त घरकाम, आणि तिचा ‘नाही’ होतो. अशा बायका जर कमी शिकलेल्या असतील, तर कमी शिक्षणाच्या बाजूचे खरे ‘हो’ पुसले जातात आणि शिक्षणाचा सीमांत परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसू लागतो. `margins` ची आज्ञा बरोबर असली तरी.

पुढच्या आठवड्यात ती बीडशेडजवळच्या एका गावात प्रश्नावली घेऊन गेली. पहिला प्रश्न तिनं बदलला होता: “घरात म्हशी किती, आणि धार कोण काढतं?”