फिरतं चुंबक, थांबलेली तार

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेत वीज उपजते, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यामुळे हाताच्या बोटांचे नियम इथे पुन्हा मांडत नाही. पार्श्वभूमी सांगायची आहे ती एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाची: जनित्रात फिरायचं कोणी, चुंबकाने की तारेने? सुरुवातीच्या एका यंत्रात चुंबक फिरलं, मग अनेक दशकं तार फिरत राहिली आणि शेवटी मोठ्या यंत्रांत पुन्हा चुंबकच फिरू लागलं. या ये-जा करण्यात शब्दांचाही असा गुंता झाला की तो अजून सुटलेला नाही.

तारेतल्या विजेमुळे होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्येच दिसलं होतं. मग उलटं का होऊ नये, म्हणजे चुंबकामुळे तारेत वीज का येऊ नये, या प्रश्नामागे बरेच जण लागले. त्यातल्या एकाची गोष्ट नेहमी चुटपुट लावते. चुंबकाचा परिणाम थेट मोजणीच्या सुईवर होऊ नये म्हणून त्याने सुई लांब दुसऱ्या खोलीत ठेवली. तो वेटोळ्यात चुंबक सरकवायचा आणि मग त्या खोलीत जाऊन बघायचा. सुई कायम शून्यावर! वीज आली होती, पण तो पोहोचेपर्यंत ती गेलेली असायची.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत हा झटका पकडला गेला. ऑक्टोबरमध्ये तिथेच पोकळ वेटोळ्यात चुंबकाची कांडी खुपसून पाहिली. आत जाताना सुई एका बाजूला उसळली, कांडी आत स्थिर राहिली तेव्हा शून्यावर परतली आणि बाहेर ओढताना दुसऱ्या बाजूला उसळली. चुंबक जवळ असणं पुरेसं नाही, वेटोळ्यातून जाणारं चुंबकत्व बदलत राहायला हवं, ही सगळी विद्या त्या सुईच्या दोन उसळ्यांत आहे. ते न थांबता बदलत ठेवायचं तर चुंबक फिरवत ठेवणं हा सरळ उपाय.

पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसमधल्या एका उपकरणं बनवणाऱ्याने नेमकं तेच केलं. दोन वेटोळी वर घट्ट बसवलेली आणि त्यांच्याखाली नालाकृती चुंबक हाताच्या दांड्याने गरगर फिरणारं. आजच्या वीजकेंद्रातल्या यंत्राचा आराखडा इथे जवळजवळ तयारच होता. पण त्यातून येणारी वीज अर्ध्या फेऱ्यात एका दिशेने आणि उरलेल्या अर्ध्यात उलट दिशेने वाहायची. त्या काळी वीज म्हणजे बॅटरीची, एकाच दिशेची. पुढे मुलामा चढवायला, तारायंत्रालाही तीच हवी होती. ही दिशा बदलणारी वीज म्हणजे यंत्राचा दोष आहे असं ठरलं, आणि एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याला दर अर्ध्या फेऱ्याला जोडणी उलटवणारी कळ, म्हणजे कॉम्युटेटर, बसवला गेला.

माझ्या मते पुढची सगळी वळणं या निर्णयातून आली. कॉम्युटेटर म्हणजे तुकड्यातुकड्यांचं तांब्याचं कडं आणि त्यावर घासणारे ब्रश. वेटोळी आसावर बसवली तर त्यांची टोकं त्याच आसावरच्या कड्याला जोडता येतात, आणि वेटोळं व कडं आपोआप एका ठेक्यात फिरतात. वेटोळी स्थिर ठेवली तर ब्रशच फिरवावे लागतात, आणि तो खटाटोप कोण करणार? शिवाय १८५६ मध्ये लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेलं सडपातळ, हलकं वेटोळं निघालं. जड चुंबकं बाहेर स्थिर ठेवून हे आत फिरवणं सोपं होतं. तार फिरायला लागली ती अशी, भौतिकशास्त्र सांगतं म्हणून नव्हे, तर एकदिश वीज हवी होती म्हणून.

भौतिकशास्त्राला कोण फिरतंय याने फरक पडत नाही, हे आकड्यांत पाहू. समजा शंभर वेढ्यांचं चौकोनी वेटोळं आहे, प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर. त्याच्या समोर चुंबक मिनिटाला ३,००० फेरे फिरतंय आणि थेट समोर आल्यावर वेटोळ्यात ०.१ टेस्ला इतकं क्षेत्र देतंय. क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ केलं की प्रत्येक वेढ्यातून जाणारं चुंबकत्व ०.००१ वेबर निघतं. पाव फेरा पुढे गेल्यावर ते शून्य होतं. ३,००० फेऱ्यांच्या वेगाने पाव फेऱ्याला सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. ०.००१ ला १/२०० ने भागलं की एका वेढ्याला ०.२ व्होल्ट आणि शंभर वेढ्यांना २० व्होल्ट मिळतात. ही सरासरी झाली. शिखर ३१ व्होल्टच्या आसपास येतं. वेग निम्मा केला तर विजेचा दाब, म्हणजे हे व्होल्ट, निम्मा होतो आणि दिशा बदलण्याची गतीही निम्मी होते.

इथे एक ठेच हमखास लागते. चुंबक वेटोळ्याच्या अगदी समोर असतं तेव्हा दाब सर्वांत जास्त असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी तो शून्य असतो, कारण चुंबकत्व वाढून संपलेलं असतं आणि कमी व्हायला अजून सुरुवात व्हायची असते. शिखर येतं ते चुंबक आडवं असताना. तेव्हा वेटोळ्यातून काहीच जात नसतं, पण बदल सर्वांत वेगाने होत असतो.

चुंबक स्थिर ठेवून वेटोळं फिरवलं तरी उत्तर तेवढंच येतं. स्पष्टीकरण मात्र वेगळं द्यावं लागतं. तार फिरत असेल तर तारेतल्या विद्युतभारांना चुंबकीय क्षेत्र ढकलतं असं म्हणायचं. चुंबक फिरत असेल तर बदलत्या चुंबकत्वामुळे विद्युत क्षेत्र उभं राहतं असं म्हणायचं. एकाच घटनेची दोन वेगळी कारणं देण्याची ही विसंगती एका पेटंट कारकुनाला इतकी खटकली की १९०५ च्या सापेक्षतेवरच्या निबंधाची सुरुवातच त्याने तिच्यापासून केली.

१८६६-६७ मध्ये आणखी एक मोठा टप्पा आला. कायमच्या चुंबकाऐवजी विद्युतचुंबक वापरायचं आणि त्याला लागणारी वीज यंत्राने स्वतःच पुरवायची. लोखंडात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. त्यातून थोडी वीज येते, ती चुंबक बळकट करते, मग जास्त वीज येते आणि असं चढत जातं. याचं श्रेय कोणाचं हा वाद होताच, कारण त्यावरचे दोन निबंध लंडनच्या एकाच संस्थेत एकाच दिवशी वाचले गेले. त्या युक्तीची उणी बाजू आजही लहान जनित्रांत भेटते. बरेच महिने पडून राहिलेलं यंत्र इंजिनाच्या पूर्ण वेगाने फिरतं, पण मीटरवर दोन-पाच व्होल्टच दिसतात. तार तुटलेली नसते, शिल्लक चुंबकत्व फार क्षीण झालेलं असतं. चुंबकाच्या वेटोळ्याला क्षणभर बॅटरी लावली, तीही योग्य बाजूने, की दाब भराभर चढतो. उलट्या बाजूने लावली तर उरलंसुरलं चुंबकत्वही पुसलं जातं किंवा उलटतं.

पारडं पुन्हा फिरलं ते दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या विजेला बाजार मिळाल्यावर. दूरवर न्यायची तर तिचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो. त्यासाठी वीज बदलती हवी, मग कॉम्युटेटरची गरजच संपली. १८९५ मध्ये नायगाऱ्याला सुरू झालेल्या यंत्रांत तार आत स्थिर होती आणि बारा ध्रुवांचं मोठं कडं तिच्याभोवती बाहेरून छत्रीसारखं फिरत होतं. पाणचक्कीचा वेग आधीच मिनिटाला २५० फेरे असा ठरलेला होता. वादात एका पक्षाला आठ ध्रुव हवे होते, दुसऱ्या पक्षाला सोळा. तडजोडीने बारा झाले, आणि सहा जोड्या गुणिले २५० भागिले ६० असं करून सेकंदाला २५ आवर्तनं ठरली. दिवे लुकलुकतात हे माहीत असूनही!

चुंबक फिरवण्याची बाजू भक्कम होती. फिरत्या भागात वीज न्यायची किंवा तिथून आणायची तर घासणारा संपर्क लागतो. ५०० मेगावॅटच्या यंत्रात मुख्य तारांत २१ हजार व्होल्ट आणि प्रत्येक फेजमध्ये सुमारे १६ हजार अँपिअर असतात. एवढी वीज ब्रशवरून आणणं अशक्यच. तार स्थिर ठेवली की तिला जाड आवरण देता येतं, बोल्टने घट्ट आवळता येतं. फिरत्या विद्युतचुंबकाला काही शे व्होल्ट पुरतात. तिथे कायमचं चुंबक चालत नाही, कारण आवर्तनं पक्की ठेवायची म्हणून वेग बदलता येत नाही. दाब सांभाळायला चुंबकाचंच बळ कमी-जास्त करावं लागतं.

आता शब्दांचा गुंता. आर्मेचर म्हणजे मुळात चुंबकाच्या दोन टोकांवर ठेवायची लोखंडी पट्टी. पुढे फिरणाऱ्या वेटोळ्याच्या लोखंडी गाभ्याला ते नाव मिळालं आणि मग वेटोळ्यासकट सगळ्याच भागाला. त्यामुळे आर्मेचर म्हणजे फिरणारा भाग, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं. नेमका अर्थ आहे ज्यात वीज उपजते तो भाग, मग तो फिरो वा न फिरो. मोठ्या जनित्रात तो स्थिर असतो. डायनामोचंही तसंच. तो शब्द एकदिश वीज देणाऱ्या यंत्राचा, पण सायकलचा डायनामो म्हणजे स्थिर वेटोळ्यात फिरणारं लहानसं कायमचं चुंबक असतं आणि त्यातून दिशा बदलणारी वीज येते. वेग वाढला तरी त्याचं वेटोळंच वाढत्या आवर्तनांना अडवतं, म्हणून धारा अर्ध्या अँपिअरच्या आसपास थोपते. पुढचा दिवा गेला की ही धारा एकट्या मागच्या चिमुकल्या दिव्यातून जाऊ पाहते आणि तोही थोड्याच वेळात जातो.

बऱ्याच मोठ्या यंत्रांत आता फिरत्या चुंबकाला वीज द्यायलाही ब्रश नसतात. त्याच आसावर दुसरं लहान जनित्र बसवतात, त्यात चुंबक स्थिर असतं आणि तार फिरते. तिची वीज आसावरच फिरणाऱ्या डायोडमधून एकदिश होऊन थेट मोठ्या चुंबकात जाते. त्या लहान जनित्राचं आर्मेचर मात्र खरोखरच फिरतं.