सटीप संदर्भसूची (एका कादंबरीकारावरील प्रकरणासाठी)

प्रत्येक ग्रंथाच्या किंवा लेखाच्या नोंदीखाली तो काय म्हणतो आणि आपल्या कामात कुठे बसतो हे सांगणारी छोटी टीप असलेली सूची म्हणजे सटीप संदर्भसूची. प्रबंधाच्या शेवटी छापली जाते ती साधी सूची वेगळी. सटीप सूची मुख्यतः अभ्यासकाच्या स्वतःच्या टेबलावर राहते. मार्गदर्शक मागतात तेव्हा ती दाखवायची आणि प्रकरण लिहून झाले की तिचे काम बहुतेक संपते. टीप साधारण शंभर ते दीडशे शब्दांची असते.

प्रकरण एकाच कादंबरीकारावर असले की या कामाचे स्वरूप बदलते. विषयवार सूचीत एकमेकांना न ओळखणारे लेख शेजारी येतात. एका लेखकावरची समीक्षा मात्र कुटुंबासारखी असते. प्रत्येक समीक्षकाने आधीच्यांना वाचलेले असते, त्यांच्याशी भांडण काढलेले असते, कधी त्यांचेच वाक्य उचलून उलटे फिरवलेले असते. म्हणून टिपेतला सर्वांत मोलाचा भाग सारांशाचा नसून नात्याचा असतो: हा लेख कोणाला उत्तर देतो आणि पुढे याला कोणी उत्तर दिले.

जोसेफ कॉनरॅड (१८५७–१९२४) या कादंबरीकाराचे उदाहरण घेऊ. प्रकरणाचा रोख ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधल्या आफ्रिकेच्या चित्रणावर आहे असे धरू. ही कथा १८९९ मध्ये मासिकात आली आणि १९०२ मध्ये पुस्तकात. तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की कोऱ्या पाटीपासून शोध सुरू करणे म्हणजे वेळ घालवणे. आधीच्या सूचिकारांचे काम प्रथम हाताशी घ्यावे. टीट्स आणि गर्बर यांची कॉनरॅडवरील लेखनाची सटीप सूची १९७१ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. तिच्या पुढचा काळ मॉडर्न लँग्वेज असोसिएशन म्हणजे एमएलए या संस्थेची आंतरराष्ट्रीय सूची आणि ‘कॉनरॅडियाना’सारखी खास नियतकालिके यांतून भरून काढता येतो. पण दुसऱ्याच्या टिपेवरून आपली टीप करू नये. त्या सूचिकाराचा प्रश्न आपला नव्हता.

आता चार नोंदी जवळून पाहू. एफ. आर. लीविस यांनी ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ (१९४८) मध्ये कॉनरॅडला इंग्रजी कादंबरीच्या थोर परंपरेत बसवले, पण या कथेत गूढता ठसवण्यासाठी विशेषणांचा मारा होतो अशी तक्रारही केली. ती तक्रार शैलीची होती. चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात कॉनरॅडवर वंशवादाचा आरोप केला. ते व्याख्यान १९७७ मध्ये ‘मॅसॅच्युसेट्स रिव्ह्यू’त छापून आले. त्यात अचेबे लीविस यांचेच निरीक्षण हाती घेतात आणि हा निव्वळ शैलीदोष म्हणून सोडून देता येणार नाही, इथे लेखकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे, असे म्हणतात. लीविस यांच्या टिपेत फक्त ‘कॉनरॅडला थोर मानतात’ एवढेच लिहून ठेवले असेल, तर हा धागा हातून निसटला.

यापुढची गोष्ट आवृत्तीची आहे, आणि ठेच लागते ती बहुधा इथेच. १९७७ च्या पाठात अचेबे कॉनरॅडला ‘ब्लडी रेसिस्ट’ म्हणतात. १९८८ च्या ‘होप्स अँड इम्पेडिमेंट्स’ या संग्रहातल्या सुधारित पाठात तिथे ‘थरोगोइंग रेसिस्ट’ आहे. सेड्रिक वॉट्स यांनी १९८३ मध्ये कॉनरॅडच्या बाजूने उत्तर लिहिले आणि जुने शब्द थेट शीर्षकात घेतले. फक्त सुधारित पाठ वाचलेल्या अभ्यासकाला ते शीर्षक कुठून आले हे कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे १९८८ चा पाठ समोर ठेवून तो वॉट्सवर चुकीच्या उद्धरणाचा ठपका ठेवू शकतो. म्हणून व्याख्यान, पहिली छपाई आणि सुधारित पाठ ही तिन्ही वर्षे नोंदीत हवीत, आणि आपल्या हातात कोणता पाठ आहे तेही. कालक्रम पहिल्या छपाईवरून लावावा. वर्णानुक्रम छापील सूचीसाठी ठीक. काम चालू असताना तो वाद झाकतो.

अचेबे यांच्यावरची उपयोगी टीप साधारण अशी असेल:

‘व्याख्यान १९७५, प्रथम छपाई १९७७, सुधारित १९८८. मी १९७७ चा पाठ वापरतो. दावा: कथेत आफ्रिका केवळ पार्श्वभूमी होते, आफ्रिकी माणसांना जवळजवळ बोलूच दिले जात नाही. मार्लो हा निवेदक आणि कॉनरॅड यांत खरे अंतर नाही असे गृहीत धरतो. वॉट्स यांच्या उत्तराशी इथे ताडून पाहणे. लीविसच्या शैलीविषयक तक्रारीला नैतिक वळण देतो. मर्यादा: कॉनरॅडच्या इतर कथांचा आधार कमी. प्रकरणात: दुसरा भाग, निवेदकाच्या चर्चेची सुरुवात. (माझे मत: मौनाचा मुद्दा वंशवादाच्या आरोपापेक्षा जास्त टिकतो.)’

कंसातले शेवटचे वाक्य मुद्दाम वेगळे ठेवले आहे. समीक्षकाचे शब्द अवतरणात पानाच्या आकड्यासह, त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत, आणि आपले मत कंसात, अशी तीन घरे पहिल्या दिवसापासून पाळली नाहीत तर सहा महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे हे स्वतःलाच ओळखता येत नाही. अजाणता होणारी उचल बरेचदा अशाच टिपांतून येते.

चौथी नोंद एडवर्ड सईद यांची, खरे तर दोन नोंदी. १९६६ चे त्यांचे पुस्तक कॉनरॅडची पत्रे आणि लघुकथा यांतून आत्मचरित्राचा शोध घेते. १९९३ च्या ‘कल्चर अँड इम्पीरियलिझम’मध्ये ते म्हणतात की साम्राज्य म्हणजे मुळात जमीन बळकावणे हे कॉनरॅडला दिसत होते, पण ते संपून तिथली माणसे स्वतंत्र होतील अशी कल्पना त्याला करता आली नाही. ‘सईद यांचे मत’ अशी एकच टीप केली तर मधली सत्तावीस वर्षे पुसली जातात.

कादंबरीकाराची स्वतःची पत्रे आणि प्रस्तावना ही प्राथमिक साधने. ती समीक्षेच्या नोंदींत मिसळू नयेत. कॉनरॅडने या कथेविषयी १९१७ मध्ये लिहिलेले टिपण समीक्षक पुरावा म्हणून वापरतात, पण ते कथेनंतर अठरा वर्षांनी लिहिलेले आहे एवढे नोंदीत असावे.

टीप फसली आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. कादंबरीकाराचे नाव झाकून पाहावे. टीप दुसऱ्या कोणत्याही लेखकाला चालत असेल तर ती लेखाच्या गोषवाऱ्यावरून उतरवलेली आहे.

थांबायचे कधी, याला नेमका आकडा नाही. नवा लेख उघडल्यावर त्याच्या तळटिपांतले जवळजवळ सगळे आपल्या सूचीत आधीच आहे असे लागोपाठ चार-पाच वेळा झाले की त्या वादापुरती सूची भरली. मात्र हे सगळे लेख एकाच गोटातले असतील तर ही खूण फसवते. अचेबे यांच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे लेख उघडून पाहावेत. सूचीच्या माथ्यावर शेवटच्या शोधाची तारीख आणि शोधशब्द लिहून ठेवावेत. प्रकरण लिहिणे आणि प्रबंध सादर करणे यांत वर्ष-दोन वर्षे सहज जातात, आणि मग शोध पुन्हा त्या तारखेपासून पुढे करायचा असतो.