गालातली कळ आणि बिचारी दाढ

‘गालात करंट लागल्यासारखी कळ येते म्हणजे दाढ किडली आहे. ती काढून टाका, दुखणं बंद.’

किडलेल्या दाढेची कळही जोरदार असते, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण अशी कळ ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या आजाराचीही असू शकते. त्यात दोष दातात नसतो, चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेत असतो. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेच्या मुळावर दाबते आणि तारेवरचं प्लास्टिक झिजावं तसं नसेचं आवरण झिजतं. मग साध्या स्पर्शाचाही संदेश तीव्र वेदना बनून पोहोचतो.

ओळखायचं कसं? किडलेली दाढ ठणकत राहते, तिच्यावर ठोकलं की दुखते. ही कळ मात्र काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची, आणि जवळपास नेहमी एकाच बाजूला. तोंड धुताना गालाला बोट लागलं, घास चावला, गार वारा लागला की ती उठते.

समजा, खालची दाढ काढली आणि कळ थांबली. इथेच फसगत होते, कारण हा आजार आपोआपही महिनोन्‌महिने शांत राहतो. कळ परतली की शेजारच्या दाढेवर संशय जातो!

म्हणून दाढ काढण्याआधी एक्स-रे काढावा. तो स्वच्छ असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवावं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. कार्बामाझेपिन हे औषध सहसा लागू पडतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. चेहरा बधिर वाटत असेल किंवा दोन्ही बाजूंना कळ येत असेल, तर एमआरआय लांबवू नये.