मक्तेदारी, अल्पाधिकार आणि पूर्ण स्पर्धा

बाजाराच्या या तीन प्रकारांचा बारावीच्या पुस्तकात तक्ता असतो, विक्रेते किती, माल सारखा की वेगळा, नवीन माणूस धंद्यात घुसू शकतो का वगैरे. तक्ता पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट बघायची, भाव कोण ठरवतं.

पूर्ण स्पर्धेच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कांदा. लासलगावला शेतकरी ट्रॅक्टर लावतो, व्यापारी ट्रॉलीभोवती जमतात, चार कांदे उचलून बघतात, बोली लागते आणि बघता बघता लिलाव पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. समजा त्या दिवशी तशा मालाला क्विंटलला 1500 चाललाय आणि हा म्हणाला मला 1550 पाहिजे, तर कोण देणार? मागे तसल्याच कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग उभी आहे. म्हणून याला किंमत स्वीकारणारा म्हणतात, भाव मिळेल तो घ्यायचा नाहीतर घरी न्यायचा.

मग लोक विचारतात की तोट्यात विकतात कशाला. हिशोब करून बघा (आकडे सोयीचे घेतलेत): कांदा पिकवून बाजारात आणायला सगळा मिळून क्विंटलला 1200 खर्च, त्यातले 900 रोप, खत, फवारणीत आधीच गेले, ते काही परत येत नाहीत. काढणी, गाडीभाडं, हमाली धरून अजून 300 लागणार. भाव 500 असला तरी 300 जाऊन 200 हातात पडतात, म्हणून माणूस विकतो. भाव 250 झाला की काढायलाच परवडत नाही, मग उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरतो. आणि ज्या वर्षी भाव चढतो त्याच्या पुढच्या वर्षी जो तो कांदाच लावतो, कारण अडवणारं कोणी नाही, आणि भाव परत खाली.

मक्तेदारी याच्या उलट. गावात पिठाची एकच गिरणी आहे, दुसरी दहा किलोमीटरवर. लोकांना वाटतं गिरणीवाला वाट्टेल तो दर लावेल, पण तसं होत नाही. समजा किलोला 5 रुपये दर ठेवला तर दिवसाला 100 किलो दळण येतं, 6 ला 90, 7 ला 75, 8 ला 55, कारण दर वाढला की काही लोक तालुक्याला जाताना डबा घेऊन जातात नाहीतर तयार पीठ आणतात. वीज वगैरे खर्च किलोला 2 रुपये. म्हणजे दिवसाचा फायदा 300, 360, 375 आणि शेवटी 330. तो 7 वर थांबणार. नुकसान कुठे झालं तर जी 25 किलो गिरणीवर यायची बंद झाली तिथे, 2 रुपये खर्चाचं काम 5 रुपयांत करून घ्यायला लोक तयार होते पण ते झालंच नाही.

काही मक्तेदाऱ्या मात्र मुद्दाम राहू देतात. एकाच गल्लीत चार कंपन्यांचे विजेचे खांब रोवण्यात अर्थ नाही, म्हणून बहुतेक महाराष्ट्रात महावितरण एकटीच, पण तिचा दर ती स्वतः ठरवत नाही, वीज नियामक आयोग ठरवतो.

अल्पाधिकारात विक्रेते मोजकेच, त्यामुळे प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर. मोबाईल रिचार्ज घ्या. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, सुरुवातीचे काही महिने सगळं फुकट, आणि त्या मारामारीत बरेच जण गेले, एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला, व्होडाफोन-आयडिया 2018 ला एक झाल्या. उरल्या तीन खासगी आणि सरकारी बीएसएनएल. मग जून 2024 च्या शेवटी जिओने दरवाढ जाहीर केली, लगेच एअरटेल, मग व्हीआय, आणि 3-4 जुलैपर्यंत तिन्हींचे नवे दर लागू! एकट्याने वाढवले तर गिऱ्हाईक पोर्ट करून जातं, एकट्याने उतरवले तर बाकीचेही उतरवतात आणि सगळ्यांचंच नुकसान, त्यामुळे एक हलला की बाकीचे हलतात. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत तर पुढचे काही महिने लोक खरोखर तिकडे गेले.

आता एकसारखे भाव म्हणजे संगनमतच का? नाही, एकमेकांकडे बघूनही भाव सारखे होतात. 2002 च्या स्पर्धा कायद्याने मनाई आहे ती आपसात ठरवून भाव लावायला, आणि ते सिद्ध करणं अवघड. सिमेंट कंपन्यांना 2012 मध्ये स्पर्धा आयोगाने 6000 कोटींच्या वर दंड लावला होता, तो आदेश अपिलात रद्द झाला, 2016 ला आयोगाने परत लावला, कोर्टबाजी पुढे चालूच.

अजून एक, कांद्याची पूर्ण स्पर्धा फक्त विकणाऱ्यांच्या बाजूची आहे. घेणारे परवानाधारक व्यापारी मोजकेच, रोज एकमेकांना भेटणारे. त्यांनी लिलाव बंद ठेवला तर तेवढे दिवस ट्रॉली नुसती उभी राहते, आणि सरकारने डिसेंबर 2023 सारखी निर्यातबंदी घातली की गिऱ्हाईक आणखी कमी होतं.