चारशेवर उभे केलेले स्तंभ

आमच्या पतसंस्थेच्या अहवालात यंदा पहिल्याच पानावर हिरवागार स्तंभालेख होता आणि त्यावर मथळा होता 'ठेवींची गरुडझेप'. चार वर्षांचे चार स्तंभ, शेवटचा पहिल्याच्या अडीचपट उंच. सर्वसाधारण सभेत शेजारी बसलेले काका म्हणाले, "बघा, ठेवी अडीचपट झाल्या." स्तंभांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत आकडे होते: 412, 418, 425 आणि 431 लाख. म्हणजे पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत वाढ 19 लाखांची, जेमतेम 4.6 टक्के.

आकडे खरे होते. गडबड डावीकडच्या उभ्या अक्षात होती. तो शून्याऐवजी 400 पासून सुरू होत होता. त्यामुळे पहिला स्तंभ कागदावर 12 घरं उंच आणि शेवटचा 31 घरं उंच आला. डोळ्यांना दिसलेली वाढ 158 टक्के, प्रत्यक्षातली 4.6. वाढ सुमारे 34 पट फुगवून दाखवली गेली.

असा आलेख दिसला की कुणीतरी मुद्दाम लबाडी केली असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. एक्सेलमध्ये आकडे निवडून आलेख काढला की अक्ष कुठून सुरू करायचा हे एक्सेल स्वतः ठरवतं, आणि त्याचा नियम फार पाहण्यासारखा आहे. सगळे आकडे धन असतील, तर सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे 16.67 टक्क्यांहून, जास्त आहे का हे ते बघतं. जास्त असेल तर अक्ष शून्यापासून. कमी असेल तर लहान आकड्यातून फरकाचा निम्मा भाग वजा करायचा आणि त्याच्या खालच्या सोयीच्या आकड्यापासून अक्ष सुरू करायचा. आपलं उदाहरण लावून बघा. फरक 19, आणि 431 चा षष्ठांश जवळपास 72, म्हणजे फरक कमीच. 412 मधून साडेनऊ गेले, उरले 402.5. पाच-पाचच्या खुणा धरल्या तर त्याखालची खूण 400. अहवालातला अक्ष नेमका तिथूनच सुरू झाला होता.

म्हणजे वाढ जितकी किरकोळ, तितका अक्ष कापला जाण्याचा संभव जास्त. म्हणून आकडे एकमेकांच्या जवळचे असले की आधी अक्षाचा तळ बघायचा. दुरुस्ती सोपी आहे: अक्षावर उजवी क्लिक, `Format Axis`, आणि `Minimum` मध्ये `0`.

मग प्रत्येक आलेख शून्यापासूनच हवा का? नाही, आणि हा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. स्तंभात आपण लांबी वाचतो, म्हणून बूड कापलं की गुणोत्तर मोडतं. रेषालेखात आपण बिंदूची जागा आणि रेषेचा चढउतार वाचतो. तापाच्या रुग्णाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर 98 आणि 103 यांतला फरक दिसणारच नाही. तिथे अक्ष कापणंच योग्य.

पुढच्या पानावर कर्जवाटपाचा वृत्तालेख होता, तोही त्रिमितीय. नऊ पाकळ्या, प्रत्येकीवर नाव, रक्कम आणि दोन दशांश स्थळांपर्यंत टक्केवारी, शिवाय बाजूला रंगांची सूची. अक्षरं एकमेकांवर चढलेली. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये लोकांना वेगवेगळ्या आकृत्या दाखवून त्यांचे अंदाज तपासले होते. एकाच पट्टीवरच्या जागा लोक सर्वात अचूक ओळखतात, कोन ओळखताना जास्त चुकतात. त्यात वृत्त तिरकं केलं की पुढच्या पाकळीला जाडीचा रंगीत काठही मिळतो आणि ती मोठी भासते. इथे सोनेतारण पुढे होतं आणि गृहकर्ज मागे. कोणतं जास्त, हे छापील टक्केवारी वाचूनच कळत होतं. आडव्या पट्ट्या उतरत्या क्रमाने लावल्या असत्या तर नावं डावीकडे सरळ बसली असती, आकडा पट्टीच्या टोकाला एकदाच आला असता आणि रंगांची सूची लागलीच नसती.

घरी येऊन ठेवींचा आलेख शून्यापासून काढला. चारही स्तंभ जवळपास सारखे. तेव्हा लक्षात आलं की इथे स्तंभालेखच नको, वार्षिक वाढीचा दर हवा: 1.5, 1.7 आणि 1.4 टक्के. ठेवींवर संस्था 7 टक्के व्याज देते. ते व्याज खात्यांतच राहिलं असतं आणि एकही नवा ठेवीदार आला नसता, तरी ठेवी वर्षाला 7 टक्क्यांनी वाढल्या असत्या. म्हणजे व्याज धरून पाहिलं तर लोकांनी तिन्ही वर्षं संस्थेत भरले त्याहून जास्त पैसे बाहेर नेले होते. काकांना फोन करून हे तीन आकडे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग पैसे काढून नेतंय कोण?"