क्रॉनबॅक अल्फा: हा आकडा आला कुठून, आणि कमी आला तर काय करायचं

प्रश्नावलीवर आधारलेल्या बहुतेक प्रबंधांत विश्वसनीयतेच्या मथळ्याखाली एकच आकडा असतो, तो म्हणजे क्रॉनबॅक अल्फा. तो ०.७० च्या वर गेला की पुढचं प्रकरण सुरू होतं. खाली राहिला की एखादं विधान काढून टाकलं जातं आणि आकडा पुन्हा काढला जातो. विधान काढण्याची ही घाई बऱ्याचदा चुकीची ठरते. ती का, हे समजायला अल्फा मुळात कोणत्या अडचणीतून जन्माला आला ते पाहावं लागतं.

अडचण अशी होती. चाचणीतले गुण किती भरवशाचे आहेत हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे तीच चाचणी त्याच लोकांना पुन्हा देणं. पण दुसऱ्या वेळी लोकांना आधीची उत्तरं आठवतात, मधल्या काळात ते काही शिकतात, आणि बरेच जण पुन्हा येतच नाहीत. मग एकाच वेळी भरून घेतलेल्या चाचणीचे दोन भाग करायचे, समजा सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे आणि विषम दुसरीकडे, आणि दोन्ही भागांच्या गुणांतला सहसंबंध काढायचा, ही युक्ती निघाली. हीच अर्धविच्छेद पद्धत. मात्र हा सहसंबंध अर्ध्या लांबीच्या चाचणीचा असतो. तो पूर्ण चाचणीसाठी कसा वाढवून घ्यायचा याचं सूत्र १९१० मध्ये चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राऊन यांनी स्वतंत्रपणे मांडलं. प्रश्न वाढले की विश्वसनीयता वाढते, हे त्या सूत्राचं सार आहे, आणि अल्फा कमी येण्याचं एक मोठं कारण त्यातच आहे.

तरीही एक पेच उरला. १० विधानांचे ५-५ चे दोन भाग १२६ प्रकारे पाडता येतात आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडं वेगळं येतं. मग खरं कोणतं मानायचं? १९३७ मध्ये कुडर आणि रिचर्डसन यांनी भाग न पाडताच विश्वसनीयता काढण्याची सूत्रं दिली. त्यांच्या लेखातलं विसावं सूत्र केआर-२० म्हणून आजही वापरात आहे, पण ते फक्त बरोबर-चूक अशा उत्तरांना चालतं. १९४१ मध्ये हॉइट यांनी वेगळ्या वाटेने तेच गणित केलं. १९४५ मध्ये लुई गटमन यांनी विश्वसनीयतेच्या सहा खालच्या मर्यादा मांडल्या. त्यातली तिसरी, लॅम्डा-३, म्हणजे आपण आज ज्याला अल्फा म्हणतो तेच सूत्र.

म्हणजे १९५१ मध्ये ली क्रॉनबॅक यांचा लेख ‘सायकोमेट्रिका’त आला तेव्हा सूत्र नवं नव्हतं. त्यांनी केलेलं काम वेगळं होतं, आणि माझ्या मते तेच मोलाचं होतं. एक तर १ ते ५ अशा श्रेणीतल्या उत्तरांनाही लागू पडणारं हे रूप त्यांनी सगळ्यांच्या हाती दिलं. दुसरं म्हणजे, रुलन यांच्या पद्धतीने, म्हणजे दोन भागांच्या गुणांतल्या फरकावरून, काढलेल्या सर्व शक्य अर्धविच्छेदांची सरासरी म्हणजेच अल्फा, हे त्यांनी दाखवून दिलं. कोणते दोन भाग पाडायचे हा वादच त्यामुळे मिटला. पुढे असेच आणखी गुणांक येतील या हिशेबाने त्यांनी पहिलं ग्रीक अक्षर वापरलं होतं.

सूत्र असं:

```
alpha = (k / (k - 1)) * (1 - sum(Vi) / Vt)
```

इथे `k` म्हणजे विधानांची संख्या, `Vi` म्हणजे प्रत्येक विधानाच्या गुणांचा व्हेरिअन्स, आणि `Vt` म्हणजे एकूण गुणांचा व्हेरिअन्स. विधानं एकमेकांबरोबर वर-खाली होत असतील तर `Vt` हा सुट्या व्हेरिअन्सच्या बेरजेपेक्षा बराच मोठा होतो आणि अल्फा वाढतो. विधानं एकमेकांना छेद देत असतील तर `Vt` आक्रसतो. अल्फाला कळतं ते एवढंच.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. आत्मविश्वासावर पाच विधानं आहेत, उत्तरं १ ते ५. आकडेमोड सोपी राहावी म्हणून प्रत्येकाचा व्हेरिअन्स १ आणि कोणत्याही दोन विधानांतला सहसंबंध ०.४ धरू. पाचवं विधान उलटं आहे, ‘मी काही कामाचा नाही असं मला वाटतं’ या धर्तीचं, आणि त्याचे गुण उलटे करायचे राहून गेले आहेत. मग त्याचा इतर चारांशी सहसंबंध उणे ०.४ येतो. पहिल्या चार विधानांच्या सहा जोड्यांची बेरीज २.४ आणि पाचव्याच्या चार जोड्यांची उणे १.६, मिळून ०.८. म्हणून `Vt` = ५ + २ × ०.८ = ६.६, आणि अल्फा येतो ०.३०.

एसपीएसएसमध्ये या वेळी `Cronbach's Alpha if Item Deleted` हा रकाना पाचव्या विधानासमोर ०.७३ दाखवतो. ते काढलं की ०.७० ची रेषा ओलांडली जाते, म्हणून लोक ते काढून मोकळे होतात. पण त्याच तक्त्यात `Corrected Item-Total Correlation` समोर उणे ०.५४ दिसत असतं, आणि खरी खूण ती आहे. निकामी विधानाचा सहसंबंध शून्याजवळ घोटाळतो. इतका ठळक उणे आकडा आला तर विधान चांगलं काम करतंय, फक्त उलट्या दिशेने, असं समजावं. गुण उलटे करा (१ ते ५ च्या श्रेणीत नवा गुण = ६ वजा जुना गुण) आणि `Vt` १३ होतो, अल्फा ०.७७. म्हणजे विधान काढल्यावर मिळाला असता त्यापेक्षा जास्त, आणि मापनीही शाबूत. अल्फा स्वतःच उणे आला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

म्हणून अल्फा कमी दिसला की सगळ्यात आधी गुणांकन तपासावं. कोणती विधानं उलटी आहेत, ती सगळी उलटली का, एखादं चुकून दोनदा उलटलं गेलं का, उत्तर न दिलेल्या जागी भरलेला ९ किंवा ९९ गणितात शिरला का. आरमध्ये `psych` पॅकेज वापरणाऱ्यांनी `check.keys = TRUE` जपून वापरावं. ते उणे दिशेची विधानं आपणहून उलटवून टाकतं, मग चूक कुठे होती ते शोधायचं राहूनच जातं. आधी असं चालवावं आणि इशारा आला तर विधान स्वतः वाचावं:

```r
library(psych)
alpha(d, check.keys = FALSE)
```

मराठीत अनुवाद केलेल्या मापन्यांमध्ये आणखी एक गोष्ट पाहायला हवी. ‘मला कधीच एकटं वाटत नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे नकाराचा नकार करायचा. घाईत भरणारे इथे अडखळतात आणि काही जण नेमकं उलटं उत्तर देतात. गुण बरोबर उलटवूनही अशा विधानाचा सहसंबंध ०.१ च्या आसपास लोळत असेल तर दोष वाक्याचा आहे. पाच-सहा जणांना ते मोठ्याने वाचायला लावून ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ असं विचारलं की लगेच कळतं. असं विधान नव्याने लिहून पुन्हा तपासणं हा योग्य उपाय.

गुणांकन ठीक असेल तर विधानं किती आहेत ते बघा. स्पिअरमन-ब्राऊन इथे परत येतात. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.२ असेल तर ५ विधानांचा अल्फा ०.५६ येतो, त्याच दर्जाच्या १० विधानांचा ०.७१ आणि २० विधानांचा ०.८३. विधानांचा दर्जा तसूभरही सुधारलेला नाही, फक्त संख्या वाढली. म्हणून तीन-चार विधानांच्या उपमापनीत अल्फासोबत सरासरी सहसंबंधही पाहावा. तो ०.१५ ते ०.५० च्या दरम्यान असेल तर विधानं एकमेकांना धरून आहेत, कमतरता संख्येची आहे.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. १२ विधानांची मापनी घ्या. पहिली सहा एका विषयावर, उरलेली सहा दुसऱ्याच. प्रत्येक गटात आपसात सहसंबंध ०.५, पण दोन गटांमध्ये शून्य. तरीही १२ विधानांचा अल्फा ०.७८ येतो! वेगवेगळे काढले तर प्रत्येकी ०.८६. मापनी एकाच गोष्टीचं माप घेते हे अल्फावरून सिद्ध होत नाही. क्रॉनबॅक यांनीही तसा दावा केला नव्हता. विधानं कमी असतील तर अशाच मिश्रणामुळे अल्फा खालीही येतो. तेव्हा सहसंबंधांचा तक्ता डोळ्यांखालून घाला, घटक विश्लेषण करा, आणि दोन गट दिसले तर दोन उपमापन्या करून दोन अल्फा द्या.

नमुनाही कारण असू शकतो. अल्फा हा त्या लोकांकडून त्या वेळी मिळालेल्या गुणांचा असतो, प्रश्नावलीला कायमचा चिकटलेला नसतो. सगळे उत्तरदाते एकाच अव्वल तुकडीतले असतील आणि सगळ्यांनी ४ किंवा ५ वरच खूण केली असेल, तर लोकांमध्ये फरकच उरत नाही आणि अल्फा पडतो. लहान नमुन्याचं तर आणखी अवघड. ३० जणांच्या पथदर्शी पाहणीत १० विधानांचा अल्फा ०.६२ आला, तर त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल ढोबळमानाने ०.४ पासून जवळजवळ ०.८ पर्यंत पसरतो. एवढ्यावर विधानं छाटत बसू नये. त्या ३० जणांच्या योगायोगाला जुळणारी मापनी हाती येते आणि पुढच्या नमुन्यात अल्फा परत घसरतो.

आणि ते ०.७०? त्याचा उगम जम नन्नली यांच्या पाठ्यपुस्तकात सांगितला जातो. १९६७ च्या आवृत्तीत त्यांनी प्राथमिक संशोधनाला ०.५० ते ०.६० पुरेसं म्हटलं होतं, १९७८ मध्ये तिथे ०.७० लिहिलं. पण त्याच चर्चेत मूलभूत संशोधनासाठी ०.८०, आणि गुणांवरून एखाद्या व्यक्तीचा निर्णय होणार असेल तर किमान ०.९० हवं असंही ते म्हणतात. लोकांनी पहिला आकडा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

एक मर्यादा सूत्रातच आहे. सर्व विधानं मोजायच्या वैशिष्ट्याशी सारख्याच प्रमाणात बांधलेली असतील तरच अल्फा विश्वसनीयतेइतका येतो, हे नोव्हिक आणि लुइस यांनी १९६७ मध्ये दाखवलं. तसं नसेल आणि चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तर अल्फा खऱ्यापेक्षा कमी सांगतो. म्हणून आता विधानांची असमान वजनं धरणारा मॅकडोनल्ड यांचा ओमेगा हा गुणांक सोबत देण्याचा आग्रह धरला जातो, `psych` मध्येच `omega(d, nfactors = 1)` या एका ओळीत तो निघतो. अल्फा ०.६६ आणि ओमेगा ०.७२ आला, तर विधानांचं वजन असमान आहे आणि अल्फा त्यांना कमी लेखतो आहे. क्रॉनबॅक यांनीही आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात म्हटलं, की बहुतेक माहितीसाठी अल्फाचं सूत्र सर्वांत योग्य आहे असं आपल्याला आता वाटत नाही.

हे सगळं तपासूनही एखादं विधान काढावंच लागलं, तर अहवालात ते शब्दशः द्यावं, काढण्याचं कारण लिहावं, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अल्फा द्यावेत, आणि उरलेल्या विधानांत संकल्पनेचा एखादा पैलू पूर्णच गळाला नाही ना हे विषयतज्ज्ञाला दाखवून घ्यावं. चिंतेच्या मापनीतून झोपेविषयीचं एकमेव विधान गेलं, तर अल्फा वाढेल आणि सप्रमाणता घटेल.